गाई-म्हशींचा मिथेन आणि गव्हाणीतले उपाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलावर निबंध लिहिणाऱ्यांकडून पशुधनाबद्दल येणारे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात आणि चुकाही त्याच असतात. त्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका जनावरामागचा मिथेन आणि एक लिटर दुधामागचा मिथेन यांची सरमिसळ. खालची बरीच उत्तरे त्याच एका फरकाभोवती फिरतात. उदाहरणे मुद्दाम महाराष्ट्रातल्या गोठ्यांची घेतली आहेत, कारण जनावरे कोंडून धान्यावर पोसणाऱ्या परदेशी फीडलॉटचे आकडे जसेच्या तसे उचलले की आपल्याकडचे चित्र उलटेसुलटे होते.

मिथेन गाईच्या पोटात नेमका कुठे आणि कसा तयार होतो?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचा पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथे हवा नसते, तापमान ३९ अंशांच्या आसपास असते आणि अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. कडब्यातले तंतू गाय स्वतः पचवू शकत नाही. ते काम हे जीवाणू आणि बुरशी करतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात आणि गाईला बहुतेक ऊर्जा त्यांच्यातूनच मिळते.

ॲसिटिक आम्ल तयार होताना हायड्रोजन सुटतो. तो साचून राहिला तर आंबण्याची क्रियाच मंदावते, म्हणून त्याचा निचरा व्हावा लागतो. तो निचरा करणारे सूक्ष्मजीव म्हणजे मिथेनोजेन. ते जीवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या गटातले आहेत. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून मिथेन बनवतात:

CO2 + 4H2 → CH4 + 2H2O

याउलट प्रोपिऑनिक आम्ल तयार होताना हायड्रोजन वापरला जातो. तंतुमय, जुन झालेल्या चाऱ्यावर ॲसिटिक आम्ल जास्त बनते, म्हणून मिथेनही जास्त. पिष्टमय खाद्यावर प्रोपिऑनिक वाढते आणि मिथेन घटतो. चाऱ्यातून मिथेन कमी करण्याचे जवळजवळ सगळे उपाय या एका हिशोबावर उभे आहेत: एकतर हायड्रोजन कमी बनू द्या, किंवा त्याला दुसरी वाट द्या, किंवा मिथेनोजेनचे काम अडवा.

गाईच्या पादण्यातून मिथेन बाहेर पडतो ना?

नाही. साधारण ९५ टक्के मिथेन तोंडावाटे आणि नाकावाटे, ढेकर आणि श्वासातून बाहेर जातो. मोठ्या आतड्यात थोडा बनतो, पण त्यातलाही बराचसा रक्तात शोषला जाऊन फुफ्फुसातून निघतो. वर्तमानपत्रांनी पादण्याचा विनोद इतका चालवला आहे की निबंधातही तो उतरतो. उतरवू नका, परीक्षक तिथेच पेन थांबवतो.

फक्त मिथेनच का? बाकीचे वायू?

पशुपालनातून तीन हरितगृह वायू येतात. कोटीपोटातला मिथेन हा सर्वांत मोठा वाटा. शेणातूनही मिथेन येतो, पण तो शेण कसे साठवले यावर अवलंबून असतो. उन्हात वाळलेल्या गोवऱ्यांत आणि पसरलेल्या शेणात हवा खेळती असल्याने मिथेन फार बनत नाही. पाण्यात कालवून खड्ड्यात साठवलेल्या शेणकाल्यातून तो भरपूर बनतो. बायोगॅस संयंत्रात हा मिथेन पकडून जाळला जातो, पण टाकी किंवा नळी गळत असेल तर उलट नुकसान.

दुसरा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड. तो शेण-मूत्रातल्या नत्रापासून उकिरड्यात आणि जमिनीत तयार होतो. गाईला गरजेपेक्षा जास्त प्रथिने खाऊ घातली की जादाचे नत्र मूत्रातून युरियाच्या रूपात बाहेर पडते. सरकी पेंड आणि लसूणघास दोन्ही भरभरून घालणाऱ्या गोठ्यात हेच होते: पैसा पेंडीवर जातो आणि नत्र गव्हाणीमागच्या गटारात. गोठ्यात शिरताच अमोनियाचा वास नाकाला झोंबत असेल तर आधी खाद्यातली प्रथिने तपासावीत. खाद्याच्या वाहतुकीत किंवा चारा पिकवताना लागणाऱ्या डिझेल-विजेतून येणारा तिसरा वायू, कार्बन डायऑक्साइड, भारतातल्या छोट्या गोठ्यांच्या हिशोबात तुलनेने कमी भरतो.

मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा किती पट घातक? कोणी २५ लिहितो, कोणी २८, कोणी ८०.

तिन्ही बरोबर असू शकतात. फक्त कोणत्या अहवालातला आणि किती वर्षांचा आकडा ते सांगायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या चौथ्या अहवालात १०० वर्षांसाठी २५ होता, पाचव्यात २८. सहाव्या अहवालात जनावरांसारख्या जैविक स्रोतातल्या मिथेनसाठी तो २७ आहे आणि खनिज इंधनातल्या मिथेनसाठी सुमारे ३०. वीस वर्षांचा हिशोब केला तर तोच मिथेन सुमारे ८० पट भरतो, कारण मिथेन हवेत साधारण १२ वर्षेच टिकतो आणि आपली बहुतेक उष्णता पहिल्या काही वर्षांतच साठवून घेतो. नायट्रस ऑक्साइडचा १०० वर्षांचा आकडा सहाव्या अहवालात २७३ आहे.

एका निबंधात एकच अहवाल धरा. निम्मे आकडे पाचव्यातले आणि निम्मे सहाव्यातले घेतले की बेरीज कधीच जुळत नाही.

जगातल्या उत्सर्जनात पशुधनाचा वाटा १८ टक्के, १४.५ टक्के की १२ टक्के?

तिन्ही आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे, म्हणजे एफएओचेच आहेत, पण वेगवेगळ्या वर्षांचे. २००६ च्या अहवालात १८ टक्के, २०१३ च्या अहवालात १४.५ टक्के आणि २०२३ च्या अहवालात २०१५ या वर्षासाठी सुमारे १२ टक्के. पद्धत बदलली, माहिती सुधारली आणि एकूण उत्सर्जनही वाढले, म्हणून टक्केवारी उतरत गेली. गाई कमी ढेकर देऊ लागल्या असा याचा अर्थ नाही. इंटरनेटवर ५१ टक्के असाही एक आकडा फिरतो. त्याची हिशोबाची पद्धत शास्त्रज्ञांनी खोडून काढली आहे, तो वापरू नका.

भारताच्या आकड्यांशी हे थेट ताडता येत नाही. भारताने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये शेतीचा वाटा १३.७ टक्के होता आणि शेतीच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग जनावरांच्या कोटीपोटातला. म्हणजे देशाच्या एकूण उत्सर्जनात सात-आठ टक्के. एफएओ मात्र आपल्या आकड्यात चारा पिकवणे, जंगलतोड, वाहतूक, प्रक्रिया असे सगळे धरते. राष्ट्रीय अहवालात त्या गोष्टी ऊर्जा, जमीन अशा दुसऱ्या रकान्यांत जातात.

एक गाय दिवसाला किती मिथेन सोडते ते कसे काढायचे?

यासाठी आयपीसीसीची एक सोपी पद्धत आहे आणि ती निबंधात हातानेही मांडता येते. गाय दिवसात किती शुष्क पदार्थ खाते, म्हणजे चाऱ्यातले पाणी वजा करून किती किलो उरते, ते काढा. एक किलो शुष्क पदार्थात सरासरी १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा धरतात. त्या ऊर्जेचा काही टक्के भाग मिथेन म्हणून हवेत जातो. आपल्याकडच्या चाऱ्यावर तो ६.५ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. एक किलो मिथेनमध्ये ५५.६५ मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणून शेवटी त्याने भागायचे.

१२ किलो शुष्क पदार्थ खाणारी संकरित गाय घेऊ. १२ गुणिले १८.४५ म्हणजे २२१.४ मेगाज्यूल. त्याचे ६.५ टक्के १४.४. भागिले ५५.६५, म्हणजे सुमारे २५९ ग्रॅम रोज. वर्षाला ९४ किलो. २७ ने गुणले की अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचे.

पुस्तकात मात्र भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला ५८ किलो आणि म्हशीसाठी ५५ किलो असे आकडे सापडतात. ते आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतले ढोबळ सरासरी आकडे आहेत. त्यात लहान चणीच्या, कमी खाणाऱ्या देशी गाई धरल्या आहेत. म्हणून ९४ आणि ५८ यांत भांडण नाही, गाई वेगळ्या आहेत.

हे मोजतात तरी कसे? गाईच्या तोंडाला पिशवी लावून?

अचूक मोजणी बंद खोलीत होते. गाईला एका हवाबंद कक्षात ठेवतात आणि आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेतला मिथेन मोजतात. हे खर्चिक आहे आणि गाय बावरली की खाणे कमी करते, मग आकडाच खाली येतो. शेतावर वापरायची पद्धत म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराइड वायूची छोटी नळी गाईच्या कोटीपोटात सोडायची. ती ठरावीक वेगाने वायू सोडते. नाकाजवळ लावलेल्या नळीतून हवेचा नमुना गळ्यातल्या डब्यात जमा होतो. नमुन्यात त्या वायूच्या तुलनेत मिथेन किती, यावरून हिशोब निघतो. तिसरी पद्धत म्हणजे आंबोण देणारे यंत्र: गाय त्यात तोंड घालून खाते तेवढ्या वेळात तिचा श्वास मोजला जातो. यात मोजमाप थोड्या थोड्या वेळाचे असल्याने बरेच दिवस आणि बऱ्याच गाई लागतात.

मग चारा सुधारला की मिथेन कमी होतो, असे सरळ लिहू का?

इथेच बहुतेक निबंध घसरतात. एक गोठा घेऊन बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण ऊस पट्ट्यातल्या कोणत्याही गावात असा गोठा सापडेल.

संकरित गाय, वजन सुमारे साडेतीनशे किलो. मालक तिला रोज १५ किलो उसाचे वाढे, ४ किलो न कापलेला कडबा आणि सव्वा किलो सरकी पेंड घालतो. यातले पाणी वजा केले की सुमारे ९ किलो शुष्क पदार्थ. गाय सरासरी ५ लिटर दूध देते. कडब्याचे जाड बुडखे गव्हाणीत तसेच पडून राहतात आणि दुपारी कोणीतरी ते झाडून उकिरड्यावर टाकतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियम अडवते. त्यामुळे नुसत्या वाढ्यांवरच्या गाईला कॅल्शियमची कमतरता होते आणि ती वेळेवर माजावर येत नाही.

मिथेन काढू: ९ गुणिले १८.४५, त्याचे ६.५ टक्के, भागिले ५५.६५. उत्तर १९४ ग्रॅम रोज. एका लिटरमागे ३९ ग्रॅम.

आता मालक खाद्य बदलतो. मक्याचा मुरघास १२ किलो, कडब्याची कुट्टी ३ किलो, लसूणघास ५ किलो, आंबोण ४ किलो आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण. शुष्क पदार्थ ११ किलोच्या आसपास. गाईची क्षमता होतीच, दूध सरासरी १० लिटरवर जाते. मुरघासात आणि भरड्यात पिष्ट असल्याने मिथेनचा टक्का ६ धरू. मिथेन येतो २१९ ग्रॅम.

म्हणजे गाईचा रोजचा मिथेन वाढला, १९४ वरून २१९. पण लिटरमागे तो ३९ वरून २२ ग्रॅमवर आला. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकाच गोठ्यातली आहेत.

लिटरमागे कमी होऊन काय उपयोग? हवेत तर एकूणच जातो.

प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर मालकाच्या पुढच्या पावलावर अवलंबून आहे. त्याला डेअरीत रोज ५० लिटर घालायचे असतील तर जुन्या खाद्यावर १० गाई लागत होत्या, आता ५ पुरतात. मिथेन १९४० ग्रॅमवरून ११०० च्या खाली येतो. पण त्याने दहाच्या दहा गाई ठेवून शंभर लिटर घालायला सुरुवात केली तर गोठ्याचा एकूण मिथेन १३ टक्क्यांनी वाढतो. तेवढे दूध दुसऱ्या कोणत्या तरी कमी दुधाच्या गोठ्याची जागा घेत असेल तरच देशाचा हिशोब खाली येतो.

भाकड काळाचा हिशोब त्यात धरला तर फरक आणखी ठळक होतो. वाईट खाद्यावरची गाय वेळेवर गाभण राहत नाही. समजा दोन वेतांतले अंतर १८ महिने, त्यात दूध १० महिने आणि भाकड ८ महिने. भाकड गाय रोज ७ किलो शुष्क पदार्थ खाऊन दीडशे ग्रॅम मिथेन सोडतेच. वेताच्या १५०० लिटरवर हा सगळा मिथेन वाटला की लिटरमागे ६३ ग्रॅम येतात. चांगल्या खाद्यावर अंतर १४ महिने आणि दूध ३००० लिटर धरले तर २८ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत एका लिटरमागे १.७ किलोवरून पाऊण किलो. कालवड साडेतीन वर्षांऐवजी अडीच वर्षांत व्याली तर आणखी एक वर्षाचा फुकटचा मिथेन वाचतो, तो या हिशोबात धरलेलाही नाही.

म्हणून भारतात सर्वांत स्वस्त मिथेन-उपाय कोणता, असे विचारले तर माझे उत्तर एखादी पावडर हे नसते. गाय वेळेवर गाभण राहील असे खाद्य, हे उत्तर असते. हे लिहायला आकर्षक नाही, म्हणून निबंधांत दिसत नाही.

मग भाकड आणि अनुत्पादक जनावरांचे काय?

हा प्रश्न गव्हाणीच्या बाहेरचा आहे, पण टाळता येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलांचे काम घटले. गोऱ्हे मात्र जन्मतच राहतात. अशी जनावरे दूध देत नाहीत, मिथेन देतात. यावर पटण्याजोगा उपाय म्हणजे लिंगनिर्धारित वीर्यमात्रा, ज्यातून बहुतेक कालवडीच जन्मतात. ती महाग असते, म्हणून अनुदानाशिवाय छोटा शेतकरी तिच्याकडे वळत नाही.

संतुलित आहार म्हणजे नेमके काय करायचे?

गाईचे वजन, दूध, फॅट आणि गाभणपण पाहून तिला किती ऊर्जा, प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस लागते ते काढायचे. मग गावात मिळणाऱ्या चाऱ्यातून ते कमीत कमी पैशांत कसे भरते ते बघायचे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने, म्हणजे एनडीडीबीने राष्ट्रीय डेअरी योजनेत हेच केले. गावातलाच एखादा प्रशिक्षित तरुण गाईच्या छातीचा घेर टेपने मोजायचा, त्यावरून वजन काढायचा आणि संगणकावर आहार बसवून द्यायचा. अनुभव असा की बऱ्याच गोठ्यांत पेंड जास्त आणि खनिजे शून्य होती. खाद्याचा खर्च घटला, दूध किंचित वाढले आणि लिटरमागचा मिथेनही उतरला. मालकाला मिथेनशी देणेघेणे नव्हते, खर्चाशी होते. बहुधा म्हणूनच ते चालले.

आहार बसला की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसत असतील तर भरडा जाड दळला आहे आणि पैसा उकिरड्यात चालला आहे. शेण पातळ, फेसाळ आणि दुधाचे फॅट एकदम पडले असेल तर पिष्ट जास्त झाले. शांत बसलेल्या गाईकडे बघा: एक घास ती साधारण पन्नास-साठ वेळा चावते आणि मग गिळते. तीस-पस्तिसातच गिळत असेल तर कुट्टी फार बारीक झाली किंवा चारा कमी पडतोय.

सगळेच आंबोण देऊन टाकले तर मिथेन आणखी कमी होईल की!

होईल. अमेरिकेतल्या फीडलॉटमध्ये बहुतांश धान्यावर असलेल्या बैलांत मिथेनचा टक्का ३ च्या आसपास येतो. पण दुभत्या गाईत ते झेपत नाही. पिष्ट झटकन आंबून लॅक्टिक आम्ल बनते आणि कोटीपोटाचा सामू कोसळतो. मग गाय खाणे सोडते, खुरांना सूज येते, फॅट पडते. डेअरीत फॅटवर भाव मिळत असल्याने मालकाला याची खबर दुसऱ्याच दिवशी पावतीवर मिळते. शिवाय मका माणसाच्या आणि कोंबडीच्याही ताटातला आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचे वैशिष्ट्यच हे की ते माणसाला न पचणारा कडबा दुधात बदलते. त्याला धान्य घालून तो फायदा गमावण्यात फारसे शहाणपण नाही.

वाळलेल्या चाऱ्यावर युरिया प्रक्रिया करतात, त्याने मिथेन घटतो का?

भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांवर ती करतात. १०० किलो चाऱ्याला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, प्लॅस्टिकने हवाबंद करायचा आणि २१ दिवस ठेवायचा. अमोनियाने तंतू सैल होतात, पचन वाढते, गाय जास्त खाते. लिटरमागचा मिथेन घटतो. गाईचा रोजचा मिथेन घटेलच असे नाही. खरी भीती दुसरीच असते. बादलीतले युरियाचे पाणी जनावराने प्यायले तर तासाभरात विषबाधा होते. उघडल्यावर चारा थोडा वेळ हवेत पसरून वास जाऊ द्यावा आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना तो घालू नये.

तेल किंवा तेलबिया घातल्याने काय होते?

स्निग्ध पदार्थ कोटीपोटात आंबत नाहीत, म्हणून त्यांतून हायड्रोजन सुटत नाही, शिवाय ते मिथेनोजेनना आणि काही तंतुपाचक जिवाणूंना दडपतात. आहारात एक टक्का स्निग्धता वाढवली की मिथेन साधारण ३ ते ५ टक्क्यांनी घटतो, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. अख्खी सरकी हा आपल्याकडचा सोपा मार्ग. मर्यादा मात्र कडक: आहारातली एकूण स्निग्धता शुष्क पदार्थाच्या सहा-सात टक्क्यांपुढे गेली की तंतूंचे पचन बिघडते आणि मिथेनबरोबर दूधही घटते. तेव्हा कमी झालेला मिथेन हा कमी पचलेल्या चाऱ्याचा असतो आणि तो चारा शेणातून पुढे जाऊन तिथे आंबतो.

‘हरित धारा’ म्हणजे काय?

बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया विज्ञान संस्थेने तयार केलेले खाद्यपूरक. त्यात टॅनिन असलेल्या वनस्पती वापरल्या आहेत. टॅनिन म्हणजे चिंचोक्याच्या टरफलात किंवा बाभळीच्या सालीत असते ते तुरट द्रव्य. ते मिथेनोजेनना आणि त्यांच्या साथीने जगणाऱ्या प्रोटोझोआ या एकपेशीय जीवांना आवर घालते. संस्थेच्या सांगण्यानुसार मिथेन १७ ते २० टक्के घटतो. दुसरा फायदा असा की टॅनिन प्रथिनांना चिकटते, त्यामुळे मूत्रातले नत्र कमी होते. पण मात्रा वाढली की तेच टॅनिन पचन अडवते आणि तुरट चवीने गाय आंबोणात तोंड घालत नाही. परदेशी रसायनापेक्षा हा मार्ग आपल्या छोट्या गोठ्यांना जास्त परवडणारा आहे, असे माझे मत आहे.

बोव्हेअर आणि समुद्री शेवाळ यांबद्दल खूप वाचायला मिळते. ते किती खरे?

बोव्हेअर हे मिथेन कमी करण्यासाठी विकले जाणारे खाद्यपूरक. त्यातला घटक ३-नायट्रॉक्सीप्रोपेनॉल. मिथेन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर जे विकर काम करते त्याला तो अडवतो. मात्रा अगदी थोडी, किलोभर शुष्क पदार्थामागे ६० ते ८० मिलिग्रॅम. दुभत्या गाईंत साधारण ३० टक्के घट मिळते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेत २०२४ मध्ये मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षाअखेर ब्रिटनमध्ये काही ग्राहकांनी ते खाणाऱ्या गाईंच्या दुधावर बहिष्काराची मोहीम चालवली. नियामकांनी मात्र दूध सुरक्षित असल्याचेच सांगितले.

त्याची अडचण अशी की तो कोटीपोटात काही तासांतच विघटित होतो. दिवसभर मिसळलेले खाद्य खाणाऱ्या गोठ्यात तो चालतो. सकाळी चरायला सोडलेल्या किंवा फक्त दोन वेळा आंबोण मिळणाऱ्या गाईत त्याचा असर टिकत नाही. तंतुमय चाऱ्यावर तर तो आणखी कमी होतो. आपल्याकडचे बहुतेक गोठे नेमके याच दोन प्रकारांत मोडतात.

लाल शेवाळ म्हणजे ॲस्परागॉप्सिस. त्यातला ब्रोमोफॉर्म काम करतो. कॅलिफोर्नियात गोमांसाच्या बैलांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही गटांत मिथेन ८० टक्क्यांहून अधिक घटला. हाच आकडा सगळीकडे फिरतो. तो बंदिस्त, नियंत्रित आहारावरचा आणि मोजक्या जनावरांवरचा आहे. ब्रोमोफॉर्म आणि आयोडीन दुधात किती उतरते, शेवाळ साठवताना ब्रोमोफॉर्म उडून जातो त्याचे काय, आणि कोट्यवधी जनावरांना पुरेल इतके शेवाळ कुठे वाढवायचे, हे प्रश्न अजून शिल्लक आहेत.

नायट्रेट घातले तर?

नायट्रेट हायड्रोजनला दुसरी वाट देते, म्हणून मिथेन घटतो. पण त्यातून मधल्या टप्प्यावर नायट्राइट बनते. ते रक्तात गेले की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, चॉकलेटी रंगाचे होते आणि जनावर दगावते. हळूहळू सवय लावून, नेमकी मात्रा ठेवूनच ते देता येते. कोवळ्या ज्वारीने किराळ लागून जनावर गेलेले ज्याने पाहिले आहे, तो चाऱ्यातल्या विषाशी खेळणार नाही. ती विषबाधा सायनाइडची, ही नायट्राइटची, पण जनावर तितक्याच झटक्यात जाते.

डेन्मार्क गाईंवर कर लावणार म्हणतात. भारताने मिथेन कराराला नकार दिला का?

२०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जाहीर झालेल्या जागतिक मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही. त्यात २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या तुलनेत ३० टक्के कमी करायचा आहे. भारताची भूमिका अशी की आपला बराचसा मिथेन भातशेती आणि छोट्या शेतकऱ्यांच्या जनावरांतून येतो, तो चैनीचा नाही. डेन्मार्क २०३० पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावणार आहे. न्यूझीलंडने असाच बेत आखला होता, पण शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०२४ मध्ये तो गुंडाळला. डेन्मार्कमध्ये शेकडो गाईंचे गोठे आहेत. आपल्याकडे दोन-तीन गाईंचे. त्यामुळे कराची तुलना निबंधात करताना हा फरक लिहायलाच हवा.

शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या?

शेळी-मेंढी वर्षाला साधारण पाच किलो मिथेन सोडते. कोंबडीला कोटीपोट नाही, तिचा मिथेन नगण्य. तिच्या विष्ठेतला नायट्रस ऑक्साइड मात्र मोजावा लागतो.

एखादे पूरक ‘३० टक्के मिथेन कमी’ असे सांगून विकले जात असेल तर काय विचारावे?

आधी विचारावे, ३० टक्के कशाचे: गाईमागे, किलो शुष्क पदार्थामागे की लिटरमागे? मग ते काचेच्या भांड्यात मोजले की जिवंत गाईत. प्रयोगशाळेत कोटीपोटाचा रस बाटलीत घेऊन चारा आंबवला की लसणापासून कडुनिंबापर्यंत कशानेही मिथेन घटलेला दिसतो. गाईत तो परिणाम बहुतेक वेळा विरतो. तिसरे, प्रयोग किती आठवडे चालला. सूक्ष्मजीव जुळवून घेतात, दोन आठवड्यांत दिसलेली घट तीन महिन्यांनी उरतेच असे नाही. चौथे, गाईने खाणे कमी केले होते का. तिने २० टक्के कमी खाल्ले तर पूरकाने काही न करताही मिथेन २० टक्के घटतो, आणि तेवढेच दूधही घटते. जाहिरातीत मिथेनचा आकडा ठळक असेल आणि त्याच गाईंनी किती किलो शुष्क पदार्थ खाल्ले हे नसेल, तर तो आकडा निबंधात घेऊ नये.